'पैशाचं नंतर बघू' म्हणणाऱ्या मित्रांनो...

मी मूळचा रत्नागिरीचा. त्यामुळे मित्रांची कोकण ट्रिप ठरली की बुकिंग आपोआप माझ्या गळ्यात पडतं. यंदा २६ जानेवारी सोमवारी होती. दिवाळीतच ग्रुपवर ठरलं, आठ जण जायचं! पण तारीख आणि बजेट विचारलं की फक्त अंगठे आणि "नंतर बघू रे".

आता कोकण रेल्वे काही आपल्या "नंतर"साठी थांबत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे शुक्रवार २३ जानेवारीच्या रात्रीच्या कोकणकन्याचं २४ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता. त्यात एका तिकिटावर सहाच जण, म्हणजे आठ जणांची दोन तिकिटं. आमचं "हो" आलं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात! मग काय, वेटिंग लिस्ट. शेवटी टेम्पो ट्रॅव्हलर केली, २४,००० रुपये. गणपतीपुळ्याला चार खोल्या, दोन रात्री, आणखी २४,०००. डोई ६,०००. अ‍ॅडव्हान्स माझ्या खिशातून.

बुधवारी दोघं गळाले. गाडीचं भाडं तेवढंच राहिलं. आणि लाँग वीकेंडला ऐनवेळी खोल्या परत घ्या असं ओळखीच्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगणार? त्याने आमच्यासाठी दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवली होती. डोई झाले ८,०००. आरे-वारेच्या किनाऱ्यावर समुद्र बघायचा सोडून आम्ही दोन हजारांवर वाद घालत होतो.

खरी गोष्ट नंतर कळली. गळालेल्यांपैकी एकाची नोकरी गेली होती. "घरी काम आहे" म्हणाला. रेल्वेच्या स्लीपरने तो नक्की आला असता, पण सगळ्यांसमोर "मला परवडत नाही" कोण लिहिणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: "पैशाचं नंतर बघू" हा दिलदारपणा नाही. ज्याला परवडतं, त्याची ती चैन आहे. मैत्रीत हिशेब कसला, असं म्हणणाऱ्याने बहुतेक कधी अ‍ॅडव्हान्स भरलेला नसतो.

यापुढे माझा नियम ठरलाय. आधी प्रत्येकाला वेगळा मेसेज, "जास्तीत जास्त किती?" सगळ्यात कमी आकडा तोच बजेट, आणि तो कोणाचा हे ग्रुपवर सांगायचं नाही. मग दोन तारखांवर मतदान, आरक्षण उघडायच्या आठवडाभर आधी बंद. गाडी आणि खोल्यांचा वाटा ज्याने भरला तोच मोजायचा. नंतर गळलात तर एकतर बदली माणूस आणा, नाहीतर तो वाटा सोडा. जेवण मात्र ज्याचं त्याने द्यायचं. सुरमई खाणाऱ्याचं बिल आमटी-भातवाल्याने का भरायचं?

"किती रुक्ष झालास रे" असं एकजण म्हणालाच. असेन. पण पुढच्या वेळी तो नोकरी गेलेला मित्र गाडीत असेल.