खण मोजल्याशिवाय वाड्याचं चित्र काढू नका

पुणे, वाई, सातारा इकडच्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती निघाली की आता सगळ्यात आधी मालकाच्या हातात संगणकावर केलेलं रंगीत चित्र पडतं. सागवानी खांब चकाकतायत, भिंती पांढऱ्याशुभ्र, वर कलत्या उन्हाचा सोनेरी उजेड. मालक खूश होतात, कंत्राटदार ते चित्र मोबाइलमध्ये घेऊन कामाला लागतो. ते चित्र मोजणीवरून आलं नसेल तर त्यातली चूक भिंतीवर उतरते आणि तिची किंमत लाकूड मोजतं. हे या सदरात एकदा नीट मांडायचं होतंच.

वाडा फुटांत नाही, खणांत बांधलेला असतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, बहुधा पाच-सहा फुटांचा. दार, खिडक्या, सज्जाचे कठडे सगळं खणाच्या आत बसवलेलं. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागापुढे उभं राहिलं की सुरूच्या आकाराचे कोरीव खांबच सगळ्या भिंतीला ताल देतात, हे लगेच कळतं.

आता एक साधा, सात खणांचा वाडा घ्या. दर्शनी भाग चाळीस फूट. मधला खण मोठ्या दरवाजासाठी सात फुटांचा, बाजूचे सहा साडेपाच-साडेपाच फुटांचे. चित्र काढणाऱ्याने गल्लीतून तिरका फोटो घेतला आणि चाळीस फुटांचे सात सारखे भाग केले, तर प्रत्येक खण पाच फूट साडेआठ इंचांचा होतो. चित्र डोळ्याला नीटनेटकं दिसतं. पण दरवाजालगतचे दोन्ही खांब त्यात जवळजवळ आठ-आठ इंच आत सरकलेले असतात आणि दरवाजा सव्वा फुटाने अरुंद झालेला असतो. वरच्या मजल्याच्या नव्या खिडक्या या चित्रावरून सुताराने करून आणल्या, की त्या बसेनात. मग चौकट तासायची, नाहीतर खांबाला खाच मारायची. दीडदोनशे वर्षं भार पेलणाऱ्या खांबाला अशी खाच पडते ती चित्रापायी.

म्हणून आधी मोजणी. टेप एका टोकाला शून्यावर धरून शेवटपर्यंत सलग लावायचा आणि प्रत्येक खांबाचा आकडा त्यावरूनच वाचायचा. खणाखणाने वेगळं मोजून बेरीज केली की चुका साठत जातात. पाण्याच्या नळीने भिंतीवर एक आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिथून तुळई कुठे किती खाली झुकलीय, ते टिपायचं. झुकलेली तुळई चित्रातही झुकलेलीच दाखवावी. ती सरळ दाखवली की गवंडी मधली फट गिलाव्याने भरतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिथेच तडा जातो.

खरी बारीक गोष्ट गिलाव्याची. लाकडी सांगाड्याच्या भिंतीत खांब विटांच्या भिंतीपेक्षा थोडा पुढे असतो, समजा पाऊण इंच. त्या पाऊण इंचाची सावली पडते म्हणून खण वेगळा ओळखू येतो. जुना पातळ गिलावा खरवडून त्या जागी इंचभर जाड नवा थर दिला की खांब भिंतीत बुडाला, वाड्याचा चेहरा सपाट झाला. चित्रात मात्र हे कळत नाही. पन्नासास एक या प्रमाणात पाऊण इंच म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, पेन्सिलीच्या रेघेएवढा. त्यासाठी खांब, वीट आणि गिलावा यांचा सांधा पाचास एक प्रमाणात वेगळा काढून घ्यावा लागतो. त्या कागदावर पाऊण इंच चार मिलिमीटर भरतो आणि गवंड्याशी बोलता येतं.

तो थर सिमेंटचा नको, चुन्याचा हवा. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती भिंतीत अडवतं, आणि विटांत अडकलेली ओल शेवटी लाकडात शिरते, विशेषतः तुळईच्या भिंतीत घुसलेल्या टोकात आणि खांबाच्या बुडाशी. खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, आणि तेवढा भाग नव्या सागवानाने सांधल्याशिवाय रंगाच्या गप्पा मारू नयेत. चुन्याला वेळ लागतो, गवंडी शोधावे लागतात, दर जास्त पडतो. हे खरंच आहे. पण लाकूड टिकवायचं ठरलं असेल तर इथे पैसे वाचवू नयेत.

एक गोष्ट चित्रांतून नेहमीच निसटते. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढून रस्ता वर आला, दगडी जोतं निम्मं पुरलं गेलं, त्यामुळे वाडा बुटका दिसतो. रस्ता काही आपल्याला खाली नेता येत नाही. मग चित्रात पुरलेलं जोतं तुटक रेघेने तरी दाखवावं, म्हणजे वाड्याचा तोल परत आणायला वरचा मजला उंच करायचा मोह कुणाला होणार नाही.

वाडा दुरुस्तीला काढताय? मग रंगीत चित्रावर सही करण्याआधी वास्तुविशारदाकडून दोन कागद मागून घ्या: खांबांच्या प्रत्यक्ष अंतरांसह काढलेली दर्शनी भागाची मोजणी, आणि खांबालगतच्या गिलाव्याचा मोठा छेद. ते दोन्ही मिळेपर्यंत कंत्राटदाराला जुना गिलावा खरवडू देऊ नका.