चार हात, चोवीस रूपं

भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याला जायचं, तर उन्हाळ्यात सकाळी साडेनऊच्या आत देऊळ पाहून व्हावं. त्यानंतर चौथऱ्याचा दगड तापतो, अनवाणी पायांना बाहेरून फेरी मारवत नाही. शिवाय डोक्यावरच्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं; तिरप्या किरणांत प्रत्येक बोटाची सावली पडते.

आज आत शिवलिंग आहे, पण बाहेरच्या भिंतींवर उभ्या आहेत त्या विष्णूच्या शक्ती, स्त्रीरूपात. प्रत्येकीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. सगळ्या सारख्याच वाटतात ना? मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून, म्हणजे आपल्या डावीकडून, घड्याळाच्या काट्यांसारखं वाचत चला. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर ती केशवाची शक्ती. क्रम बदलला की नाव बदललं. चार वस्तूंचे क्रम चोवीसच होतात, आणि संध्येत घेतो ती नावंही चोवीस. एखादा हात तुटला असला तरी अडत नाही, उरलेल्या तिघांवरून हरवलेली वस्तू कळते. दोन हात गेले असतील तर मात्र हट्ट सोडावा.

चोवीस नावांचा तक्ता घरूनच लिहून न्या. वाटाड्या म्हणून गावातलं कुणी जाणतं माणूस भेटलं, तर ‘हे कुणी बांधलं’ विचारू नका, एका रात्रीत बांधल्याची गोष्ट बहुतेक गावांत तयार असते. कुठली मूर्ती पुजली जाते, शेंदूर कधी लागतो, ते विचारा. शेंदराच्या थराखाली आयुधं बुजतात, हे तेव्हा ध्यानात येतं.