डोंगरउतार बोलत नाही

‘पाण्याच्या पातळीत अचानक घट.’ ही ओळ जुलैमध्ये महाडच्या बाजारपेठेत कुणाला वाचून दाखवा. तो हुश्श करेल. सावित्री आणि गांधारीचं पाणी दुकानांत शिरलं की पाणी उतरणं ही एकच बातमी सगळ्यांना हवी असते. मला ही ओळ भेटली ती मात्र दरड कोसळण्याच्या पूर्वखुणा सांगणाऱ्या आठ स्लाइडच्या एका कॅरोसेलमध्ये. तिथे ती धोक्याची खूण म्हणून होती, तीही सगळ्यांत गंभीर खुणांपैकी एक.

कॅरोसेल मूळ इंग्रजीत होता. पावसाळ्याआधी तो महाड-पोलादपूरच्या लोकांपर्यंत मराठीतून जावा, अशी ठरवणाऱ्यांची इच्छा होती. इच्छा चांगलीच होती. इथल्या माणसाला दरड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यात तळिये, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच सुमारास वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता, आणि सावित्री उगम पावते तीही तिथेच. इतकं सोसलेल्या लोकांना काही सांगायचं, तर ते त्यांच्या कानाला लागेल असं सांगायला नको का?

पहिल्या स्लाइडवर इंग्रजीत होतं, ‘युअर हिलसाइड इज टॉकिंग. आर यू लिसनिंग?’ त्याचं मराठी झालं होतं, ‘तुमचा डोंगरउतार बोलत आहे. तुम्ही ऐकत आहात का?’ व्याकरणात एकही चूक नाही, आणि तरी हे कुणीच बोलत नाही. इंग्रजीत ‘लिसनिंग’ला ‘लक्ष आहे का’ अशी छटा आहे. मराठीत ‘तुम्ही ऐकत आहात का?’ म्हटलं की मागच्या बाकावरच्या पोराला दरडावणारे गुरुजी डोळ्यांसमोर येतात. ‘डोंगरउतार’ हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द, गावात नुसता डोंगर असतो. शिवाय या आठ शब्दांत बातमी कुठे आहे? काय झालंय, कुणाला धोका आहे, काय करायचं, काहीच कळत नाही. इंग्रजीतलं वाक्य ठसक्यावर तरून जातं. तो ठसका भाषांतरात गळाला आणि खाली उरलं काय, तर एक रिकामा प्रश्न.

यावर आपल्याकडे दोन हुकमी उपाय आहेत आणि दोन्ही मला सारखेच नकोसे वाटतात. पहिला उपाय यमकाचा. दरड-परड-खरड जुळवून घोषणा करायची. आपण इतक्या घोषणा भिंतींवर पाहिल्यात, की यमक ऐकू आलं की डोळा पुढे सरकतो. दुसरा उपाय ‘धक्कादायक! या ७ गोष्टींकडे दुर्लक्ष केलंत तर...’ हा. त्यावर बोट थांबतं हे खरं. पण त्याच पट्टीत सकाळपासून केसगळती, सोन्याचा भाव आणि कुणाचा तरी घटस्फोट येऊन गेलेला असतो. दरडीला त्यांच्या रांगेत उभं करायचं असेल तर कॅरोसेल कशाला हवा?

हुक म्हणजे नटवलेलं वाक्य, असं दोन्ही उपाय धरून चालतात. माझं म्हणणं उलट आहे. हुक ही वाचकाला ठाऊक नसलेली सर्वांत कामाची गोष्ट असते. त्यामुळे भाषांतराचं पहिलं काम शब्द बदलणं नव्हे. आठही स्लाइड वाचून अशी गोष्ट कोणती, ते आधी शोधायचं आणि ती पुढे आणायची.

या कॅरोसेलमध्ये ती सहाव्या स्लाइडवर पडून होती. जोराचा पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर त्याचा अर्थ असा असू शकतो की वर कुठेतरी दरड ओढ्यात पडली आहे आणि तिने पाणी अडवलं आहे. तो मातीचा बांध पाण्याच्या भाराने फुटला की पाणी, चिखल, दगड, झाडं सगळं एकदम खाली येतं. ही खूण नेहमीच्या अनुभवाच्या थेट उलट जाते. ओढा फुगला तर सगळेच सावध होतात. ओढा कमी झाला तर माणूस निर्धास्त झोपतो. म्हणूनच ‘पाण्याच्या पातळीत अचानक घट’ हे भाषांतर नुसतं रुक्ष नाही, धोकादायक आहे. पोलादपूरजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याला ती स्लाइड दाखवली. ती म्हणाली, “पाणी उतरलं म्हणजे सुटलो की रे.” इंग्रजीत जो इशारा होता, तो मराठीत दिलासा झाला होता. आणि मंजुरीच्या शीटमध्ये त्या ओळीसमोर ‘अचूक’ अशी खूण होती!

मग ही गोष्ट हुकमध्ये कशी बसवायची? ‘ओढा आटला’ म्हणावं तर ते एप्रिल-मेचं क्रियापद. ‘पाणी ओसरलं’, ‘पाणी उतरलं’ या दोहोंत सुटका आहे. ‘प्रवाह खंडित झाला’ म्हटलं की वीज मंडळ आठवतं. बराच वेळ गेल्यावर लक्षात आलं की आपण दिसण्याचे शब्द शोधतोय आणि प्रसंग तर रात्रीचा असू शकतो. वीज गेलेली, बाहेर मिट्ट काळोख. ओढा दिसत नाही, ऐकू येतो. घराशेजारी ओढा असलेल्या माणसाच्या कानात पावसाळाभर त्याचा आवाज असतोच. तो थांबला तरच जाणवतो. तिथून ओळ आली:

पाऊस धो धो. आणि ओढा गप्प?

दुसऱ्या स्लाइडवर: वर कुठेतरी पाणी अडलं असेल. झोपलेल्यांना उठवा. ओढ्यापासून लांब व्हा.

सहा शब्द. आज्ञा नाही, यमक नाही, धक्का नाही. तरी वाचणारा थांबतो, कारण दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत आणि ते कोकणातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. गंमत अशी की मूळ इंग्रजीतलं ते बोलणं-ऐकणंही यात आपोआप आलं, फक्त ते डोंगराकडून ओढ्याकडे गेलं. ‘अडलं असेल’मधला ‘असेल’ मी मुद्दाम ठेवला. ओढा गप्प झाला म्हणजे दरड पडलीच असं नाही, आणि प्रत्येक दरड खूण देऊन येते असंही नाही. हुकला टोक असावं, पण खोटी खात्री नसावी.

यावर आक्षेप ठरलेला. ‘मूळ मजकुराशी जुळत नाही.’ जुळत नाहीच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे भाषांतर म्हणजे शीटमधले दोन रकाने, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, ओळीसमोर ओळ. ‘सेव्ह’ आणि ‘कॅन्सल’च्या बटणांना ही पद्धत पुरते. कॅरोसेलला ती मारते, कारण सहाव्या ओळीतली गोष्ट पहिल्या ओळीत न्यायची सोयच तिच्यात नाही. वर तपासायला कुणीतरी मराठीचं पुन्हा इंग्रजी करून पाहतं. त्या परीक्षेत ‘पातळीत अचानक घट’ पहिल्या नंबराने पास होते आणि ‘ओढा गप्प’ नापास. म्हणजे परीक्षेचीच परीक्षा घ्यायला हवी. माझी तपासणी साधी आहे. गावातल्या माणसाला स्लाइड तीन सेकंद दाखवायची, फोन उलटा ठेवायचा आणि विचारायचं: काय झालंय? हे चांगलं की वाईट? तू काय करशील? दुसऱ्याच प्रश्नाला आत्याने जुन्या स्लाइडची विकेट काढली होती.

बाकीच्या स्लाइडमध्येही शब्दांआड वस्तुस्थिती अडकली होती. इंग्रजीत एक खूण होती, दारं-खिडक्या अडकू लागणं. मराठीत ‘दरवाजे चिकटतात’ झालं होतं. अहो, कोकणात पावसाळ्यात लाकडी दार दरवर्षी फुगतं. ही खूण दिली तर लोक हसतील आणि उरलेल्या सहांवरचाही विश्वास जाईल. तिथे लिहायला हवं: ‘दार फुगणं नेहमीचं. भिंतीला नवी तिरकी भेग पडणं नेहमीचं नाही.’ तसंच ‘नवीन झरे’. आपल्याकडे जुलैत उपळ कुठेही फुटतात, त्यात नवल काय? नवल तेव्हा, जेव्हा कधीच पाणी न आलेल्या जागी उपळ फुटतो किंवा स्वच्छ वाहणारा उपळ अचानक गढूळ होतो. आणि ‘उपयुक्तता खांब झुकणे’ यावर मी काही बोलत नाही. विजेचा खांब कलला, बस्स.

‘कृपया सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ ही ओळ तर खास आपली, इंग्रजीत इतकं वाईट काही नव्हतं. ‘करावे’ म्हणजे नेमकं कुणी करावं? आणि महाड-पोलादपूरच्या घराघरात स्थलांतर या शब्दाचा पहिला अर्थ मुंबईला नोकरीला जाणं हा आहे. ‘घराबाहेर पडा’ यात काय कमी आहे? सुरक्षित स्थळाचं नाव मात्र कुठल्याच भाषांतरकाराने पुण्यात बसून लिहू नये. शाळा सुरक्षित, असं आपण सहज लिहून जातो. एखाद्या वाडीत शाळाच डोंगराच्या पायथ्याला असते. ती जागा रिकामी सोडावी, गावाने भरावी.

मांडणीचंही एक सांगतो, कारण चांगली ओळ तिथेही मरते. इंग्रजीसाठी केलेल्या चौकटीत मराठी ओतलं की ओळींमधलं अंतर कमी पडतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांमध्ये स्टायलिश अंतर सोडलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ‘धो’ एका ओळीत आणि दुसरा ‘धो’ खालच्या ओळीत गेला तर पाऊसही थांबतो. आणि पहिली स्लाइड सरकवली नाही तर इन्स्टाग्राम पुढच्या वेळी अनेकदा दुसरी स्लाइड समोर आणतं. म्हणून दुसरीही एकटी उभी राहायला हवी. ‘झोपलेल्यांना उठवा’ राहते. ‘याची कारणे पुढीलप्रमाणे’ नाही राहत.

शेवटच्या स्लाइडवर इंग्रजीत नेहमीचंच होतं, ज्याला गरज आहे त्याच्याशी शेअर करा. ऐन पावसात गावातली वीज आणि रेंज जाते, त्यामुळे हा कॅरोसेल त्या रात्री तिथे कुणी वाचणार नाही. वाचायचाच तर जूनमध्ये, आणि वाचणारे बरेचसे असतील डोंबिवलीत, विरारमध्ये, पुण्यात, ज्यांचे आईवडील गावाला आहेत. त्यांच्यासाठी मी ‘शेअर करा’ काढून टाकलं आणि लिहिलं: ‘आज घरी फोन लावा. ओढा गप्प झाला तर काय करायचं, ते आईला सांगा. आणि कुठे जायचं, ते तिला विचारा.’