अजमेरहून परतताना जयपूरचे दोन दिवस



महाराष्ट्रातून अजमेर शरीफच्या जियारतीला जाणारी बरीच कुटुंबे परतीच्या वाटेवर जयपूरला थांबतात. रेल्वेने हे अंतर साधारण दोन-सव्वादोन तासांचे. पण 'जाता जाता जयपूरही बघू' असे म्हणून उतरलेली माणसे बहुधा सकाळी दहाला नाश्ता करतात, अकराला आमेरच्या चढावर लागतात आणि एकच्या उन्हात दगडी चौकात थकलेल्या मुलांची समजूत काढत उभी राहतात. म्हणून यावेळी आम्ही जयपूरच्या किल्ले-महालांचा दोन दिवसांचा कार्यक्रम मांडत आहोत. त्यात तीन गोष्टी नीट ठरवायच्या असतात : तिकीट कोणते, गाईड कसा आणि दुपार कुठे काढायची.

आधी तिकीट. आमेर, नाहरगड, हवामहल, जंतरमंतर आणि अल्बर्ट हॉल ही ठिकाणे राजस्थान सरकारकडे आहेत. प्रत्येकाचे वेगळे तिकीट मिळते आणि सगळ्यांचे मिळून एक एकत्रित तिकीटही मिळते. एकत्रित तिकिटात या पाचांखेरीज ईसरलाट मनोरा आणि सिसोदिया राणी व विद्याधर या दोन बागाही येतात. हे तिकीट दोन दिवस चालते आणि त्यावर प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येते. सिटी पॅलेस आणि जयगड त्यात येत नाहीत, ते राजघराण्याकडे आहेत आणि त्यांचे तिकीट वेगळे. नाहरगडावरील मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालयही एकत्रित तिकिटात धरलेले नाही. जलमहाल तर रस्त्याच्या कडेला उभे राहूनच पाहायचा, त्याला तिकीट लागत नाही.

'एकत्रित म्हणजे स्वस्त' असे सगळे धरून चालतात, पण तसे नेहमीच नसते. मागे काही वर्षे भारतीय प्रौढांसाठी आमेरचे 100 रुपये, हवामहल, जंतरमंतर आणि नाहरगडाचे प्रत्येकी 50, अल्बर्ट हॉलचे 40 आणि एकत्रित तिकिटाचे 300 असे दर होते. म्हणजे पाचही ठिकाणे वेगवेगळ्या तिकिटांवर पाहिली तरी बेरीज 290 होत होती. सहावे ठिकाण जोडले, तरच एकत्रित तिकीट फायद्याचे ठरत होते. दर वाढत असतात, म्हणून आकडे हेच धरू नका, हिशेबाची रीत धरा. खिडकीवरचा फलक वाचा, आपण खरोखर जाणार तेवढ्याच ठिकाणांची बेरीज करा आणि मग ठरवा. एकत्रित तिकिटाचा दुसरा फायदा मात्र खरा आहे. गर्दीच्या दिवसांत प्रत्येक दारी पुन्हा रांग लावावी लागत नाही.

समजा घरात अम्मी, अब्बा, दादी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. दादी आमेर आणि जंतरमंतर पाहतील, बाकी वेळ आराम करतील. त्यांच्यासाठी दोन सुटी तिकिटे पुरेत. मुलीसाठी विद्यार्थ्याचे तिकीट घ्यावे, ते प्रौढांपेक्षा बरेच कमी असते. पण कॉलेजचे मूळ ओळखपत्र दाखवावे लागते, मोबाईलमधल्या फोटोवर अडवले जाऊ शकते. अम्मी-अब्बांचे कोणते घ्यायचे, ते बेरीज सांगेल. सगळ्यांना एकाच प्रकारचे तिकीट हवे, असा काही नियम नाही. एक सावधगिरी मात्र ठेवावी. अजमेरहून संध्याकाळी पोहोचून 'आजच घेऊन टाकू' म्हणत एकत्रित तिकीट काढले, तर दोन दिवसांतला एक दिवस तिथेच संपतो. ते पहिल्या सकाळीच काढावे.

पहिला दिवस आमेरचा. आमेर शहरापासून अकरा-एक किलोमीटरवर आहे. दरवाजा सकाळी आठला उघडतो, तेव्हाच तिथे असावे. ज्यांना चढण जमत नाही त्यांच्यासाठी खालून जीप मिळते. ती मागच्या बाजूने, चांदपोलकडून जलेब चौकात पोहोचते. भाडे बसण्याआधी ठरवावे आणि ते एका माणसाचे की पूर्ण गाडीचे, येण्या-जाण्याचे की एकेरी, हे स्पष्ट विचारावे. तिकीट खिडकी जलेब चौकातच आहे.

गाईडही तिथेच घ्यावा. रस्त्यात गाडी थांबवून किंवा रिक्षावाल्याच्या ओळखीने घेऊ नये. परवानाधारक गाईडच्या गळ्यात फोटो असलेले ओळखपत्र असते. त्यावरचे नाव आणि मुदत पाहायला संकोच करू नये. पैसे किती, वेळ किती आणि कोणकोणते भाग दाखवणार, हे तिघांसमोर बोलून घ्यावे. कोणी नेहमीच्या दरापेक्षा फारच कमी मागत असेल, तर त्याची कमाई दुसरीकडून होणार आहे हे ओळखावे. असा माणसू शीशमहाल पंचवीस मिनिटांत उरकतो आणि 'सरकारी एम्पोरियम' म्हणून रत्नांच्या किंवा चादरींच्या दुकानात नेतो. तिथल्या किमतीत त्याचे कमिशन धरलेले असते. 'दुकानात जायचे नाही, पैसे शेवटच्या चौकात देऊ' एवढे एक वाक्य सुरुवातीला सांगितले की बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो.

चांगल्या गाईडची परीक्षा शेवटच्या चौकात होते. दिवाण-ए-आम, गणेशपोल आणि शीशमहाल पाहून बहुतेक लोक परत फिरतात. त्यामागचा राजा मानसिंगांचा महाल हा या वास्तूतला सर्वांत जुना भाग. मधोमध बारादरी आणि भोवती राण्यांची दालने. अकबराचे सेनापती मानसिंग इथे राहत. शीशमहाल ज्यांनी बांधवला ते मिर्झाराजे जयसिंग म्हणजे 1665 साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारेच. मराठी शाळेत इतिहास शिकणाऱ्या मुलाला हा धागा गाईडने किंवा तुम्ही दाखवून दिला, तर त्याला भिंती वेगळ्या दिसू लागतात.

पाहण्याचा क्रम उन्हाप्रमाणे लावावा. जलेब चौक आणि दिवाण-ए-आमचे अंगण उघडे आहे, ते साडेनऊच्या आत उरकावे. आतली दालने आणि मानसिंग महालातले बोळ सावलीचे आहेत, ते नंतर. साडेअकराच्या पुढे किल्ल्यावर राहू नये. इथे त्रास फक्त डोक्यावरच्या उन्हाचा नसतो. दगडी फरशी आणि भिंती तापतात आणि सावलीत उभे राहिले तरी अंगावर झळ येते. म्हणूनच तीन वाजता ऊन कलल्यासारखे दिसले तरी पुन्हा बाहेर पडायची घाई करू नये, चारनंतर पडावे. मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, तेव्हा सकाळचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचा एक तास एवढाच दिवस धरावा. दादी किंवा मूल अचानक चिडचिडे झाले, डोके दुखते किंवा मळमळते म्हणाले, तर तो हट्ट समजू नये. लगेच सावलीत बसवून कपडे सैल करावेत, अंग ओले करावे, ओआरएस घोट-घोट द्यावे. बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर 108 ला फोन करावा.

दुपारच्या विश्रांतीला जोहरची जोड देणे सोपे जाते. किल्ल्याच्या पायथ्याशी, आमेर गावात, अकबरी मशीद आहे. अकबर बादशहा आग्र्याहून अजमेरच्या जियारतीला याच वाटेने जात असे. 1570 साली शहजादा सलीमच्या जन्माचा नवस फेडायला तो पायी गेला होता. त्याने जिथे नमाज पढली तिथे 1569च्या सुमारास ही मशीद उभी राहिली, असे सांगतात. जियारतीहून परतणाऱ्या कुटुंबाला या वाटेवरचा हा थांबा किल्ल्याइतकाच जवळचा वाटेल. मोजे जवळ ठेवा, दुपारी सहनाची फरशी पाय भाजते. महिलांसाठी वेगळी सोय आहे का, हे आत जाण्याआधी विचारून घ्यावे. नसल्यास त्यांनी मुक्कामाच्या खोलीवर नमाज अदा करावी. प्रवासात कसर असली, तरी स्थानिक इमामामागे जमातीत पढताना पूर्ण चार रकात पढायच्या असतात, हे मुलांना सांगून ठेवा. मुक्काम जुन्या शहरात किंवा आमेर रस्त्यावर असेल, तर जेवून दोन तास झोप होते आणि चारनंतर नाहरगडावर जाता येते. तिथल्या माधवेंद्र महालात राण्यांची एकसारखी दालने आहेत आणि कठड्यावरून पूर्ण शहर दिसते. असरची नमाज आटोपूनच निघावे, म्हणजे मगरिबला घाई होत नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला हवामहल. ही पूर्वेकडे तोंड केलेली वास्तू, म्हणून सकाळचे ऊन समोरच्या झरोक्यांवर येते. आत जायचा दरवाजा मात्र रस्त्याच्या बाजूला नाही, मागून आहे. नवी माणसे समोरच दार शोधत फिरतात.

तिथून पायी जंतरमंतर. दहा ते साडेअकरा एवढा वेळ पुरतो. इथे गाईड नसेल, तर पैसे वाया गेले असे समजा, कारण यंत्रे दिसतात पण कळत नाहीत. सवाई जयसिंगांनी समरकंदच्या उलुग बेगच्या कोष्टकांचा अभ्यास करून नवी कोष्टके तयार करवली. त्या फारसी ग्रंथाचे नाव जीज-ए-मुहम्मदशाही. सुमारे 27 मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची सावली सकाळी पश्चिमेच्या कमानीवर सरकत असते आणि सूर्य माथ्यावर आला की ओलांडून पूर्वेच्या कमानीवर जाते. तोच जवाल, त्यानंतर जोहरची वेळ सुरू होते. आपल्या घड्याळात ही वेळ जयपूरला नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.10च्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्याला 12.40च्या आसपास येते. मशिदीतल्या वेळापत्रकात जोहरची वेळ महिन्यागणिक का सरकते, हे इथे दगडावर दिसते. पण अंगणात सावली नाही, म्हणून जवालपर्यंत थांबायचा मोह उन्हाळ्यात टाळावा.

दुपारी पुन्हा विश्रांती, संध्याकाळी हवा असल्यास सिटी पॅलेस. त्याच्या तिकिटांचे प्रकार बरेच आहेत. फक्त संग्रहालय आणि चौक पाहायचे असतील, तर साधे तिकीट मागावे. चंद्रमहालाच्या आतल्या दालनांचे तिकीट खूपच महाग आहे आणि खिडकीवर काही न सांगता उभे राहिलो, तर कधी कधी तेच पुढे केले जाते.

शेवटी एक तारखांची गोष्ट. 18 एप्रिल, 18 मे आणि 27 सप्टेंबर या दिवशी सरकारी वास्तूंमध्ये प्रवेश मोफत असतो. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील, तर हे दिवस टाळावेत. तिकिटाचे पैसे वाचतात, पण गर्दीमुळे सकाळचे थंड तास रांगेतच जातात.