गटअभ्यास : वाटणी आधी नको, वाचनानंतर हवी

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे अनेक गट एकाच पद्धतीने अभ्यास करतात. चौघे प्रकरण वाटून घेतात, प्रत्येक जण आपल्या भागाच्या नोट्स काढतो आणि त्या व्हॉट्सअॅपवर टाकतो. प्रत्येकाचा पाव भाग वाचून होतो. उरलेला पाऊण भाग मोबाइलमध्ये पडून राहतो.

मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या शाळांत ‘जिगसॉ’ पद्धत आणली. तिथेही धडा वाटला जाई. पण वेगवेगळ्या गटांतील, एकच भाग मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो पक्का करत आणि मग आपापल्या गटाला तोंडी समजावत. चौघांच्याच गटात अशी पडताळणी करायला दुसरे कोणी नसते. म्हणून वाटणी वाचनानंतर करावी.

बैठक कशी घ्यावी?

समजा, विषय आहे संसदेची कायदे करण्याची प्रक्रिया. साधारण विधेयक, धन विधेयक, घटनादुरुस्ती आणि वटहुकूम हे चारही भाग चौघांनी घरून वाचून यावेत. बैठकीत चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला जो भाग येईल, त्याने तो पुस्तक मिटून आठ मिनिटे समजावावा. ऐकणाऱ्यांचे पेन खाली. त्यानंतर चार मिनिटे प्रश्न. चौघांचे मिळून ४८ मिनिटे होतात. शेवटची १५ मिनिटे प्रत्येकाने न बघता स्वतःच्या नोट्स लिहाव्यात आणि मगच पुस्तकाशी ताडून पाहाव्यात.

समजले की पाठ झाले?

खरी कसोटी प्रश्नांत लागते. धन विधेयक समजावणारा म्हणतो, ‘राज्यसभेला १४ दिवस मिळतात.’ हे वाक्य पाठही असू शकते. त्याला विचारावे, ‘या विधेयकासाठी संयुक्त बैठक का नसते?’ राज्यसभा केवळ शिफारशी करू शकते, त्या स्वीकारणे लोकसभेवर असते आणि १४ दिवसांत विधेयक परत आले नाही तर ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याचे मानले जाते. त्यामुळे पेच उद्भवतच नाही. हे ज्याला जोडता येते, त्याला भाग समजला. मग घटनादुरुस्तीलाही संयुक्त बैठक नाही, पण तिथले कारण वेगळे आहे : प्रत्येक सभागृहाने ती स्वतंत्रपणे, विशेष बहुमताने मंजूर करावी लागते. ही तुलना चारही भाग वाचलेल्यालाच जमते.

कुठे बिघडते?

हुशार सदस्य मध्येच उत्तर देऊन टाकतो, तेव्हा अडखळणाऱ्याची संधी जाते. त्यामुळे अर्धा मिनिट कोणी बोलू नये. दुसरा धोका म्हणजे एकाची चूक चौघांच्या वहीत जाणे. दोन वह्यांत शब्दशः सारखे वाक्य किंवा सारखीच चूक दिसली, तर तो भाग पुढच्या बैठकीत दुसऱ्याने समजावावा. अगदीच नवा विषय असेल, तर आधी शिक्षकांकडून समजून घ्यावा. कोणालाच न कळलेले चौघे मिळूनही समजावू शकत नाहीत.