हळूहळू ये गं नीजे

आमच्या लालबागच्या चाळीतल्या खोलीत आजीने चार मुलं आणि सात नातवंडं एकाच ओळीवर झोपवली. ही ओळ कुठल्या पुस्तकातली नाही, तिची तिनेच जुळवलेली. ‘हळूहळू ये गं नीजे, हळूहळू ये, बाळाच्या या डोळ्यांमध्ये हळूहळू ये.’ तुळईला लुगड्याची झोळी, दोरीला आजीचा हात आणि पुन्हा पुन्हा हेच. दुसरं कडवंच नाही!

आता ती ओळ माझ्या भाच्याच्या घरी, इंग्लंडला निघाली आहे. त्याची बायको तिकडचीच. लेक झाल्यावर तिने हौसेने ओळ पाठ केली. ळ काही जमेना, ‘हलूहलू’ म्हणायची. बाळाला त्याचं काय, ते झोपलं! पण एकदा फोनवर ती म्हणाली, “मावशी, मी लेकीला काय सांगते आहे, ते मला माझ्या भाषेत म्हणायचंय. अर्थ नको, गाणं द्या.” तिच्या या एका वाक्याने मी महिनाभर कामाला लागले. मुलं परदेशी गेलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणींकडे अशीच मागणी कधी ना कधी येईल, म्हणून हा सगळा खटाटोप सांगते.

पहिल्यांदा मी सरळ शब्दाला शब्द ठेवला. ‘स्लोली स्लोली कम, ओ स्लीप.’ अर्थ बरोबर, पण म्हणताना झोका अडखळला. का, ते हळू आवाजात म्हणून बघितल्यावर कळलं. ‘हळू’मध्ये ‘ह’ छोटा आणि ‘ळू’ लांब. आवाज आधी हलकेच उचलला जातो आणि मग विसावतो. ‘स्लोली’त उलटं होतं. जोर आधीच पडतो आणि शेपूट गळून जातं. शिवाय ‘ओ’ म्हटलं की चर्चमधली प्रार्थना वाटते. आजीचं ‘गं’ तसं नाही. शेजारणीला दारातून हाक मारावी, तसं ते आहे.

मग ‘सॉफ्टली’ घेऊन पाहिलं. कारण आजीच्या ‘हळूहळू’त नुसतं सावकाश नव्हतं. आजोबा गिरणीत तिसऱ्या पाळीला जायचे. रात्रभर साच्यावर उभं राहून सकाळी येऊन झोपायचे, आणि त्याच दहा बाय बाराच्या खोलीत बाळही झोपवायचं असायचं. ‘हळू’ म्हणजे ‘आवाज करू नकोस, तुझा आजा निजलाय’ हेही त्यात आलंच. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, पाळ्या गेल्या, तरी ओळीतलं ते दबकं बोलणं राहिलं. मराठीत एकाच शब्दात सावकाश, हलकेच आणि दबक्या आवाजात असे तीनही अर्थ मावतात. इंग्रजीत निवड करावी लागते. ‘स्लो’ म्हणजे वेग, ‘सॉफ्ट’ म्हणजे स्पर्श आणि आवाज.

अर्थाने ‘सॉफ्ट’च जवळचा. पण म्हणून पाहा, शेवटी ‘फ्ट’ येतो आणि तोंड बंद होतं. अंगाईत ओळीच्या शेवटाला तोंड उघडं हवं, म्हणजे सूर झोक्याबरोबर लांबवता येतो. आजीचा ‘ये’ असाच लांबायचा, दोरी परत येईपर्यंत. ‘सॉफ्ट’ लांबवताच येत नाही. ‘स्लो’ मात्र हवा तेवढा लांबतो, आणि त्यात आपल्या ‘ळू’सारखी जीभ लागून सुटते. ‘ळ’ त्यांच्याकडे नाही, ‘ल’ आहे. त्यांच्या झोपवण्याच्या गाण्याचं नावच लकारांनी भरलेलं आहे, ‘ललबाय’.

म्हणून केलं, ‘सो स्लो, सो स्लो, कम’. छोटं-लांब, छोटं-लांब, अगदी ‘हळूहळू’चं माप! मी खूश. भाचेसुनेला ऐकवलं तर ती हसायला लागली. “मावशी, हे तर झोपेवर चिडल्यासारखं वाटतंय. किती गं उशीर करतेस!” खरंच, ‘सो स्लो’ ही तक्रार होते. आपल्या कानाला जे गोड, ते त्यांच्या कानाला टोचू शकतं. त्या भाषेत वाढलेल्या बाईला ऐकवल्याशिवाय हे कळत नाही. पुढचं भाषांतर मी तिला विचारत विचारतच केलं.

अडलेली गाठ एका छोट्या अदलाबदलीने सुटली. ‘ये’ शेवटून उचलला आणि पुढे ठेवला. ‘कम स्लो, कम स्लो.’ माप तेच राहिलं, तक्रार गेली आणि हाक आली. ‘कम’मधल्या ‘म’वर ओठ मिटतात खरे, पण मिटल्या ओठांनीही गुणगुणता येतं. ओळीच्या टोकाला मात्र ‘स्लो’ उघडाच राहतो.

उरला ‘गं’. मराठीत नीज बाई आहे, म्हणून तिला ‘गं’ म्हणता येतं. इंग्रजीत झोपेला बाई-बुवा काही नाही. ‘सिस्टर’ घालून पाहिलं, ओळ जड झाली. शेवटी एका मात्रेचं ‘डिअर’ घेतलं. ‘डिअर’मध्ये जवळीक आहे, पण सखी नाही. एवढं हरवलं, ते कबूल.

झालं ते असं : ‘कम स्लो, डिअर स्लीप, कम स्लो, कम स्लो, टू माय बेबीज आइज कम स्लो, कम स्लो.’

आता तपासायचं कसं? मी दोरी घेतली. तुळईपासून सव्वादोन मीटर लांब लोंबणारी झोळी जाऊन येऊन साधारण तीन सेकंद घेते. दोरी जितकी लांब, तितका झोका सावकाश. त्यावर ओळ म्हणून पाहिली. चार ठोके, दोन पूर्ण झोके, प्रत्येक ठोका एकेका टोकाला. मराठी ओळ म्हणताना बसतो तसाच हात बसला. ‘स्लीप’चा ‘प’ बंद होतो, पण तो ओळीच्या मधे येतो, झोका वळतो तिथेच, म्हणून खटकत नाही. तिथे झोळी नाही. भाचेसून बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालते. तिची पावलंही त्याच चार ठोक्यांवर पडतात.

आणि आजोबांच्या झोपेचं काय? ‘सावकाश’ आलं, पण ‘दबक्या आवाजात’ हा अर्थ शब्दातून सुटलाच. तो म्हणणारीच्या गळ्यात ठेवावा लागला. मी तिला फोनवर एवढंच सांगितलं, “पहिली ओळ नेहमीच्या आवाजात म्हण, दुसरी त्याच्या निम्म्याने, आणि मग ओठातल्या ओठात. शेजारी कुणी रात्रपाळी करून निजलंय, असं समज.”

परवा तिने ध्वनिमुद्रण पाठवलं. तीनदा ‘कम स्लो’, मग अचानक मराठी ‘हलूहलू’ आणि पुन्हा ‘कम स्लो’. तिला वाटलं मी रागावेन. मी तिला म्हटलं, राहू दे. आजीनेही कधी ओळ एकसारखी म्हटली नाही.