शिबिरात शिकलेल्या गोट्या सोसायटीत का चालत नाहीत?

उन्हाळी सुट्टी लागली की शहरांत पारंपरिक खेळांच्या शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. मुलं चार दिवस गोट्या, ठिकरी, लगोरी खेळतात आणि पाचव्या दिवशी पुन्हा मोबाइल हातात घेतात. दोष मुलांनाच दिला जातो. पण आधी पायाखालची जमीन पाहायला हवी.

गोटीला माती लागते

गोट्यांच्या खेळात जमिनीत छोटा खड्डा करतात, त्याला गल म्हणतात. डाव्या हाताचा अंगठा जमिनीवर रोवायचा, त्याच हाताच्या मधल्या बोटाला गोटी टेकवायची, उजव्या हाताने ते बोट धनुष्यासारखं मागे ताणायचं आणि सोडायचं. नेम साधतो, कारण मातीवर गोटी थोडं अंतर जाऊन थांबते.

आता हाच खेळ सोसायटीत आणा. पेव्हर ब्लॉकच्या फटीत गोटी अडकते किंवा दिशा बदलते. गुळगुळीत फरशीवर ती गाड्यांखाली जाते. नेम बरोबर असूनही मूल हरतं आणि दहा मिनिटांत कंटाळतं.

तपासणी सोपी आहे. गोटी जमिनीवर ठेवून हात काढा. ती आपोआप घरंगळली, तर तिथे डाव मांडू नका. बागेच्या कोपऱ्यातली चार बाय चार फुटांची दाबून सपाट केलेली माती पुरते. तीन वर्षांखालच्या मुलांपासून मात्र गोट्या दूर ठेवा, घशात अडकू शकतात.

माती नसेल तर ठिकरी

या खेळाला खडू आणि सपाट जमीन पुरते. दीड-दीड फुटाची घरं आखायची. पहिल्या घरात ठिकरी टाकायची, ते घर सोडून लंगडी घालत पुढे जायचं आणि परतताना ठिकरी उचलायची. रेषेवर पाय पडला की बाद. फरशीवर दगडाची ठिकरी घसरत असेल, तर जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा कापून घ्या.

शिकवणाऱ्याने कधी थांबायचं?

शिबिरात शिट्टी ताईंकडे असते. पाय रेषेवर पडला की नाही, हे त्याच ठरवतात. गल्लीत हा निवाडा मुलंच भांडून करायची, लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून सांभाळून घ्यायची. म्हणून पहिले दोन डाव शिकवा, तिसऱ्याला बाजूला बसा. वाद झाला तरी लगेच उठू नका.

खेळ रुजला की नाही, हे शिबिराच्या प्रमाणपत्रावरून कळत नाही. आठवड्याभराने कोणी न सांगता खाली खडूच्या नव्या रेषा दिसल्या, तर रुजला. आणि त्या रेषा पुसून टाका असं सोसायटीने वॉचमनला सांगितलं, तर अडचण स्क्रीनची नव्हती, हेही कळेल.